नवा फोन, जुनी किल्ली: ऑथेंटिकेटरचा कोड नाकारला जातो तेव्हा

फोन बदलला. ऑथेंटिकेटर अ‍ॅप नव्या फोनवर आलं, त्यात खात्याचं नाव दिसतंय, सहा आकडे दर अर्ध्या मिनिटाला बदलतायत. तरी लॉगिनच्या पानावर टाकले की Wrong code. अशा वेळी बहुतेक जण तेच आकडे पुन्हा पुन्हा, जरा जास्त काळजीपूर्वक टाकत राहतात. त्यातून काही निघत नाही. उलट पाच-सात चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही काळ कुणालाच आत घेत नाही. म्हणून तीनदा नकार आला की हात आवरायचा आणि आधी नकाराचं कारण शोधायचं.

कारणं मुख्यतः दोनच असतात: फोनचं घड्याळ चुकलेलं असतं, किंवा अ‍ॅपमधली गुप्त किल्ली सर्व्हरकडच्या किल्लीशी जुळत नसते. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. घड्याळ दोन मिनिटांत दुरुस्त होतं. किल्ली मात्र दुरुस्त होत नाही, ती नवीच घ्यावी लागते, आणि त्यासाठी आधी खात्यात शिरावं लागतं. आधीच काढून ठेवलेले, एकदाच चालणारे बॅकअप कोड लागतात ते इथे.

आकडे येतात कुठून

खातं पहिल्यांदा जोडताना जो क्यूआर स्कॅन करता, त्यात एक लांबलचक गुप्त किल्ली असते. तिची एक प्रत सर्व्हरकडे राहते, दुसरी तुमच्या फोनमध्ये. त्यानंतर दोघांत काहीच बोलणं होत नाही. दोघंही आपापल्या घड्याळात पाहतात, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजतात, त्याला ३० ने भागतात आणि ती संख्या व किल्ली मिळून सहा आकडे काढतात:

```
T    = floor(unix_time / 30)
code = HOTP(secret, T)
```

ही पद्धत २०११ साली RFC 6238 या नावाने प्रसिद्ध झाली आणि बहुतेक ऑथेंटिकेटर अ‍ॅप तीच वापरतात. यातली ध्यानात ठेवायची गोष्ट ही की अ‍ॅप सर्व्हरला काहीही विचारत नाही. विमानात, इंटरनेट बंद असतानाही आकडे येत राहतात. त्यामुळे आकडे दिसतात याचा अर्थ इतकाच, की अ‍ॅपकडे कुठली तरी किल्ली आहे आणि फोनला कुठली तरी वेळ ठाऊक आहे. ती किल्ली आजही चालू आहे का, वेळ खरी आहे का, हे अ‍ॅपला कळायला मार्ग नाही.

आधी घड्याळ

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. १ जानेवारी २०२६ रोजी इंदूरच्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजले तेव्हा वरच्या सूत्रातला T होता ५८९०७५२०. फोन त्या वेळी दोन मिनिटं मागे असता, तर त्याने ५८९०७५१६ धरून आकडे काढले असते. सर्व्हर साधारणपणे चालू अर्ध्या मिनिटाची खिडकी आणि तिच्या आजूबाजूची एखादी खिडकी चालवून घेतो, म्हणजे अर्धं मिनिट इकडे-तिकडे. चार खिडक्या मागचा कोड त्याच्या दृष्टीने चुकीचाच.

दोन मिनिटांची चूक डोळ्यांना दिसते तरी. खरी फसवी चूक वेगळीच आहे. बाहेरून आणलेला किंवा कुणीतरी आधी वापरलेला फोन घेतला, त्यात टाइम झोन दुबईचा राहिला, आणि घड्याळ दीड तास मागे दिसतंय म्हणून कुणीतरी हाताने काटे पुढे सरकवले. आता पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण फोनच्या आतला हिशेब दीड तास पुढे गेलेला असतो. दीड तास म्हणजे १८० खिडक्या. नुसता टाइम झोन चुकला असता तर कोडला काही झालं नसतं, कारण मोजणी जागतिक वेळेवर होते. चुकीच्या झोनमध्ये हाताने लावलेली वेळ मात्र सगळंच बिघडवते, आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं तरी हे पकडीत येत नाही.

म्हणून घड्याळ नुसतं बघू नका, सेटिंग उघडा. अँड्रॉइडवर Settings मध्ये System, मग Date & time; सॅमसंगमध्ये हेच General management खाली असतं. आयफोनवर Settings, General, Date & Time. वेळ आणि टाइम झोन दोन्ही आपोआप घेण्याचे खटके चालू करा. आधीच चालू असतील तर एकदा बंद करून परत चालू करा आणि झोन भारताचा दिसतोय ना ते पाहा. मग त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये time.is उघडलं की फोन किती सेकंद मागे-पुढे आहे ते तिथे लिहून येतं. एक-दोन सेकंदांचा फरक काहीच नाही. त्यानंतर ऑथेंटिकेटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आकडे बदलण्याची वाट पाहा, आणि ताजा कोड आला की लगेच टाका. आधी एकदा चाललेला कोड त्याच अर्ध्या मिनिटात दुसऱ्यांदा दिला तर बरोबर असूनही नाकारला जाऊ शकतो, म्हणून ताजाच घ्यायचा.

घड्याळ ठीक आहे, मग?

अ‍ॅपमध्ये एकापेक्षा जास्त खाती असतील तर निदान सोपं आहे. दुसऱ्या एखाद्या खात्याचा कोड चालतो का ते पाहा. सगळ्याच खात्यांचे कोड नाकारले जात असतील तर दोष घड्याळाचा. एकाच खात्याचा नाकारला जातो आणि बाकीचे चालतात, तर घड्याळ निर्दोष आहे आणि त्या एका खात्याची किल्ली शिळी आहे.

जुना फोन अजून हाताशी असेल तर दोन्ही फोन शेजारी ठेवा. त्याच खात्याचे आकडे दोन्हींवर सारखे दिसतात का? सारखे असून नाकारले जात असतील तर किल्ली नीट आली आहे, पण सर्व्हरने ती मधल्या काळात बदलली आहे. किंवा तुम्ही कोड भलत्याच खात्यासाठी टाकताय. आकडे वेगळे असतील आणि जुन्या फोनचे चालत असतील, तर प्रश्नच मिटला. जुन्या फोनच्या कोडने आत जा आणि खाली दिल्याप्रमाणे नवी जोडणी करा. बॅकअप कोड खर्चायचं कारण नाही.

हे सगळं करायच्या आधी पानावर कुठला कोड मागितलाय तेही नीट वाचा. गूगल एसएमएसने पाठवतं तो कोडही सहा आकडी असतो, त्याच्या आधी G- लिहिलेलं असतं. बॅकअप कोड आठ आकडी असतो. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी पिन तर या सगळ्याशी संबंधच नसलेला. ज्याच्या चौकटीत तोच कोड चालतो. घाईत ही गल्लत होते, आणि तिचं खापर बिचाऱ्या नव्या फोनवर फुटतं.

किल्ली शिळी होते कशी: एक प्रकरण

समजा, इंदूरच्या सियागंजात घाऊक किराण्याची पेढी चालवणारे एक काका आहेत, राहायला रामबागेत. पेढीचा सगळा पत्रव्यवहार आणि बिलं त्यांच्या गूगल खात्यात. जेल रोडवरून नवा फोन घेतला, जुना तिथेच एक्सचेंजमध्ये दिला. दुकानातल्या मुलाने जुन्याचं सगळं नव्यात उतरवून दिलं आणि जुना फोन समोरच रिसेट केला. ऑथेंटिकेटरमध्ये काकांची दोन खाती होती, एक गूगलचं आणि एक शेअर ब्रोकरचं. दोन्ही व्यवस्थित आली.

घरी आल्यावर पुतण्याने म्हटलं, नवा फोन आहे तर गूगलची जोडणीही नवी करून टाकू. त्याने लॅपटॉपवर Change authenticator app दाबलं, आलेला क्यूआर काकांच्या फोनने स्कॅन केला, अ‍ॅपमध्ये गूगलची दुसरी नोंद उभी राहिली आणि तिचे आकडे फिरू लागले. झालं असं समजून त्याने पान बंद केलं. एकाच नावाच्या दोन नोंदी कशाला, म्हणून जुनी पुसूनही टाकली.

दोन दिवसांनी पेढीवरच्या संगणकावर लॉगिन मागितलं.

"अरे, आकडे तर दिसतायत, मग घेत का नाही हे?"

"काका, ब्रोकरचा कोड टाकून बघा बरं एकदा."

"तो घेतला."

निदान इथेच झालं. घड्याळ बरोबर आहे. गूगलची एकटीच नोंद खोटी आहे, आणि कारणही स्पष्ट आहे. क्यूआर स्कॅन केल्याने नवी किल्ली फक्त फोनमध्ये येते. सर्व्हर ती तेव्हाच स्वीकारतो, जेव्हा तुम्ही Next दाबून अ‍ॅपमधले सहा आकडे त्याला परत टाकून दाखवता. तोवर सर्व्हरच्या लेखी जुनीच किल्ली चालू असते. पुतण्याने शेवटची पायरी गाळली, आणि जी किल्ली चालू होती तीच पुसली. आता काकांच्या फोनमध्ये अशी किल्ली आहे, जी सर्व्हरने कधी मान्यच केलेली नाही. ती हजार वेळा टाकली तरी लागणार नाही.

हाच प्रकार आणखी एका रूपात दिसतो. क्यूआरचं पान पुन्हा उघडलं की दर वेळी नवा क्यूआर येऊ शकतो. दोन-तीनदा स्कॅन केलं की अ‍ॅपमध्ये एकाच नावाच्या तीन नोंदी होतात आणि त्यांतली एकच खरी असते. तुमच्याकडे अशा जोड्या-तिड्या दिसत असतील तर एकही पुसू नका. प्रत्येकीचा ताजा कोड एकेकदा टाकून पाहा, एकीचा लागतोही. तसं झालं तर बॅकअप कोडपर्यंत जावंच लागत नाही.

दुसरं कारण गूगल ऑथेंटिकेटरच्या सिंकमधून येतं. एप्रिल २०२३ पासून हे अ‍ॅप किल्ल्या गूगल खात्यात साठवू शकतं. नव्या फोनवर अ‍ॅप उघडताना ते कुठल्या गूगल खात्यात आहे ते वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर दाबून पाहा. घरात तिघांची खाती एकाच फोनवर असतील तर अ‍ॅप मुलाच्या खात्यात उघडतं आणि वडिलांच्या किल्ल्या दिसतच नाहीत, किंवा कधीकाळच्या जुन्या दिसतात. योग्य खातं निवडलं की यादी बदलते. पण सिंक चालू असताना एका फोनवर पुसलेली नोंद बाकीच्या फोनवरूनही जाते, हे विसरू नये. आणि गूगल खात्याची किल्ली त्याच गूगल खात्यात सिंक करून ठेवली असेल, तर कुलूप लागल्यावर ती हाताला लागणार नाही.

बॅकअप कोड: कुठला कागद खरा?

गूगल एका वेळी दहा बॅकअप कोड देतं. प्रत्येक आठ आकडी, मध्ये एक जागा सोडून छापलेला, आणि प्रत्येक एकदाच चालणारा. नवा संच काढला की आधीच्या संचातले उरलेले सगळे कोड त्याच क्षणी रद्द होतात. म्हणून कपाटात दोन कागद सापडले तर तळाशी छापलेली तारीख पाहा आणि अलीकडचा घ्या. तारखेजवळच ईमेल पत्ताही असतो. तो याच खात्याचा आहे ना, तेही बघून घ्या. संगणकात शोधायचं असेल तर फाइलच्या नावात Backup-codes हे शब्द आणि खात्याचं नाव असतं. Downloads मध्ये ती वर्षानुवर्षं पडलेली सापडते.

काकांच्या बाबतीत असेच दोन कागद निघाले, एक पेढीच्या तिजोरीत आणि एक घरी. तिजोरीतला जुना होता. त्यावरचा कोड टाकला असता तर नाकारला गेला असता, आणि बॅकअप कोडही चालत नाहीत अशी समजूत करून घेऊन सगळे भलत्याच मार्गाला लागले असते. घरचा कागद अलीकडचा, त्यावर दोन कोडांवर काट मारलेली. म्हणजे आठ शिल्लक.

कोड टाकायला बसण्याआधी जागा निवडा. ज्या संगणकावरून तुम्ही एरवी लॉगिन करता तो, आणि तुमच्या नेहमीच्या घरच्या किंवा दुकानाच्या वाय-फायवर. अनोळखी यंत्रावरून आल्यास गूगल खात्याच्या सुरक्षेत लगेच बदल करू देत नाही असंही होतं, मग एक कोड वायाच जातो. एखाद्या संगणकावर खातं आधीपासून उघडंच असेल तर फार उत्तम. तिथे चुकूनही Sign out करू नका आणि ब्राउझरमधला साठा साफ करू नका.

पासवर्ड टाकल्यावर ऑथेंटिकेटरचा कोड मागणारं पान येईल. तिथे Try another way दाबा. येणाऱ्या यादीत आठ आकडी बॅकअप कोडचा पर्याय असतो. त्याच यादीत तुमच्या मोबाइल नंबरवर एसएमएसचा पर्याय दिसत असेल आणि सिम नव्या फोनमध्ये चालू असेल, तर आधी तो वापरा. बॅकअप कोड राखून ठेवलेले बरे. काकांनी नंबर जोडलेला नव्हता, त्यामुळे कागदच कामी आला. कोड लागला की लगेच पेनाने त्यावर काट मारा. नंतर आठवून मारू म्हटलं की कुठला वापरला ते कळत नाही.

आत गेल्यावर: नवी जोडणी

आत शिरलात की मेल वाचत बसू नका. नवी जोडणी त्याच बैठकीत पुरी करायची. बरेच जण इथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन आधी पूर्ण बंद करतात आणि नंतर परत चालू करू म्हणतात. तसं करू नका. बंद केल्यावर खातं नुसत्या पासवर्डवर उघडं राहतं आणि आधी लावलेल्या सगळ्या सोयी नव्याने लावाव्या लागतात. किल्ली बदलायला कुलूप काढून टाकावं लागत नाही.

सगळ्यात आधी फोनवरच्या अ‍ॅपमधली खोटी नोंद दाबून धरा, पेन्सिलच्या चिन्हावर जा आणि नावापुढे "जुने" लिहा. पुसू नका, फक्त नाव बदला. थोड्या वेळाने सारख्या नावाच्या दोन नोंदी समोर येतील तेव्हा हे एक नाव सगळा घोळ वाचवेल.

आता संगणकावर myaccount.google.com उघडा. Security मध्ये 2-Step Verification, आणि त्यात Authenticator. पासवर्ड पुन्हा मागेल, तो द्या. Change authenticator app दाबलं की क्यूआर येतो. फोनवर अ‍ॅपमध्ये अधिकच्या चिन्हावर दाबून Scan a QR code निवडा आणि पडद्यावरचा क्यूआर स्कॅन करा. नवी नोंद उभी राहील. घरात दुसऱ्या विश्वासू माणसाचा फोन असेल आणि त्यावरही हे कोड हवे असतील, तर याच क्षणी, हे पान बंद व्हायच्या आत, त्या फोनवरही तोच क्यूआर स्कॅन करून घ्या. दोन्ही फोनवर सारखे आकडे दिसले की किल्ली दोन्हीकडे नीट पोचली. हे पान एकदा गेलं की तीच किल्ली परत दाखवली जात नाही.

मग Next दाबा, नव्या नोंदीतले सहा आकडे टाका आणि Verify करा. पुतण्याने गाळलेली पायरी हीच. आकडे बदलायला चार-पाच सेकंदच उरले असतील तर थांबा, पुढचा कोड येऊ द्या आणि तो टाका. सर्व्हरने कोड स्वीकारला की त्या क्षणापासून नवी किल्ली चालू आणि आधीची कायमची बंद.

स्कॅन करायला दुसरा पडदाच नसेल, म्हणजे क्यूआरही त्याच फोनवर उघडलाय, तर क्यूआरखालच्या Can't scan it? वर दाबा. अक्षरांची लांब किल्ली येते. अ‍ॅपमध्ये Enter a setup key निवडून ती तिथे टाकायची. दोन गोष्टी सांभाळा. या किल्लीत A ते Z ही अक्षरं आणि २ ते ७ एवढेच आकडे येतात. शून्य, एक, आठ, नऊ कधीच नसतात. त्यामुळे गोल दिसेल ते O अक्षर आणि उभी रेघ दिसेल ते अक्षरच, आकडा नव्हे. दुसरं, Type of key मध्ये Time based असू द्या. चुकून Counter based झालं तरी अ‍ॅप कुरकूर न करता सहा आकडे दाखवतं, पण ते वेळेवर चालत नसल्याने कधीच जुळत नाहीत. नोंदीतले आकडे आपोआप बदलत नसतील तर हीच चूक झाली आहे असं समजा.

खातरजमा, मग पुसापुशी

पान यशस्वी म्हणालं तरी विश्वास ठेवायच्या आधी एकदा परीक्षा घ्या. आता उघडी असलेली खिडकी तशीच राहू द्या. त्याच संगणकावर खासगी खिडकी उघडा, खात्यात नव्याने लॉगिन करा आणि ऑथेंटिकेटरचा कोड टाका. लागला तर "जुने" नाव दिलेली नोंद आता निर्धास्त पुसा. नाही लागला तर पहिली खिडकी अजून आतच आहे, तिथून जोडणी पुन्हा करता येते. आधी बाहेर पडून मग तपासलं असतं तर दुसरा बॅकअप कोड खर्ची पडला असता.

यानंतर बॅकअप कोडच्या पानावर जाऊन नवा संच घ्या. काकांकडे सात उरले होते, तरी नवा संच घेणंच शहाणपणाचं होतं, कारण जुन्या तारखेचे दोन कागद दोन ठिकाणी फिरत होते आणि कुठला कोण वापरेल याचा भरवसा नव्हता. नवा संच छापला की आधीचे दोन्ही कागद फाडून टाका. नवा कागद त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये किंवा फोनच्या गॅलरीत फोटो काढून ठेवू नका; गरज पडेल तेव्हा नेमकं तेच बंद असेल किंवा फोनच हरवलेला असेल. घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत, पासबुकांशेजारी, तो चांगला राहतो.

नवी जोडणी करण्यात आणखी एक फायदा आहे, जो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. किल्ल्या जुन्या फोनवरून नव्यात व्यवस्थित आल्या आणि कोडही चालले, तरी जुन्या फोनमध्ये तीच किल्ली शिल्लक असू शकते. एक्सचेंजमध्ये गेलेला फोन नीट रिसेट झाला की नाही, हे आपल्याला पुढे कळत नाही. नवी जोडणी केली की त्या फोनमधली किल्ली आपोआप निकामी होते. म्हणून जुना फोन देण्याआधीचा योग्य क्रम असा: नव्या फोनवर जोडणी, खासगी खिडकीतली परीक्षा, मग जुन्याचा रिसेट, आणि सगळ्यात शेवटी जेल रोड. दुकानातला मुलगा "भैया, सब ट्रान्सफर हो जाएगा" म्हणतो ते फोटो आणि नंबरांच्या बाबतीत बहुधा खरं असतं. ऑथेंटिकेटरच्या किल्ल्या मात्र कित्येक अ‍ॅप मुद्दामच अशा साठवतात की त्या नेहमीच्या बॅकअपमध्ये येऊच नयेत. आणि बॅकअप कोडचा कागद दुकानात नेऊ नका, फोनवर कुणी मदतीच्या नावाखाली त्यावरचा कोड विचारला तर सांगू नका. तसा एखादा कोड कुणाला दिला गेलाच असेल तर नवा संच काढून तो रद्द करा, पासवर्ड बदला, आणि पैशाचा व्यवहार झाला असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा.

बाकीच्या खात्यांचं काय

तत्त्व सगळीकडे हेच, तपशील वेगळे. गिटहब सोळा रिकव्हरी कोड देतं, त्यांची फाइल github-recovery-codes.txt या नावाने उतरते, आणि कोड हरवले तर त्यांच्या मदतकक्षावर फार विसंबू नये. मायक्रोसॉफ्टच्या खासगी खात्याला पंचवीस अक्षरांचा एकच रिकव्हरी कोड असतो. ऑफिसच्या मायक्रोसॉफ्ट खात्याची नोंद नव्या फोनवर नुसतं नाव म्हणून आलेली दिसते, पण ती पुन्हा साइन इन करून जोडल्याशिवाय चालत नाही. तिथे तुमच्या कंपनीच्या आयटीवाल्यांना जोडणी रिसेट करायला सांगणं हाच जवळचा रस्ता. गूगलचं खातं कंपनीचं असेल तर तिथला अ‍ॅडमिन आपल्या कन्सोलमधून तुमच्यासाठी बॅकअप कोड काढून देऊ शकतो.

सियागंजातल्या पेढ्यांना ई-वे बिलाच्या लॉगिनलाही ओटीपी लागतो. तो एसएमएसने, संदेस अ‍ॅपवर किंवा NIC-GST-Shield अ‍ॅपमधून घेता येतो. शिल्ड वापरत असाल तर त्याचेही आकडे वेळेवर चालतात, म्हणून घड्याळाचं वर सांगितलेलं सगळं त्यालाही लागू. फोन बदलल्यावर ते अडलं तर माल गाडीत भरून ठेवून अ‍ॅपशी झटापट करू नका. त्या दिवशी एसएमएसने काम भागवा आणि संध्याकाळी निवांत शिल्ड जोडा.

ना जुना फोन, ना कागद

अशा वेळी उरतो गूगलचा खातं परत मिळवण्याचा अर्ज, g.co/recover. तो नेहमीच्या संगणकावरून, नेहमीच्या जागेवरून भरा. पूर्वीचा आठवेल तो शेवटचा पासवर्ड द्या आणि प्रश्न शक्यतो सोडू नका. उत्तर यायला काही तास किंवा काही दिवसही लागतात. तेवढ्यात अधीर होऊन चार वेगवेगळ्या फोनवरून चार अर्ज करू नका, अनोळखी यंत्रांवरून केलेले प्रयत्न तुमच्या बाजूने बोलत नाहीत. खात्याला दुसरा ईमेल किंवा नंबर जोडलेला असेल तर त्यावर येणारे संदेश रोज पाहत राहा, स्पॅमच्या खणासकट.